छेदात कोण बसलंय?

(बेळगाव जिल्ह्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकच गणित करायचं आहे. अंश-छेद शिकलेल्या कुणालाही ते जमतं, तरी भलेभले तिथं घसरतात.

प्रसंग असा धरा. खानापूर तालुक्यातल्या एका गावात शिवजयंतीला मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं. बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोरानं रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, 'जरा येऊन भेटून जा.' गेल्यावर कळलं, एचआयव्हीची चाचणी 'रिॲक्टिव्ह' आली आहे, म्हणजे चाचणीनं लागणीचा इशारा दिला आहे. घरी न सांगता त्यानं एका जाणत्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, 'टेस्ट अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर असते, म्हणजे चुकीला जागा दोनच टक्के.' पोराची झोप उडाली.

त्या जाणत्याचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. कुठं चुकला ते बघू.

किटच्या कागदावर दोन आकडे असतात. पहिला संवेदनक्षमतेचा: लागण असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते. तो ९९.५ टक्के धरू. दुसरा विशिष्टतेचा: लागण नसलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते. तो ९८ टक्के धरू. म्हणजे निरोगी माणसांपैकी शंभरात दोघांवर चाचणी उगाच बोट ठेवते. हे दोन्ही आकडे 'माणूस कसा आहे' हे आधी माहीत धरून काढलेले आहेत. पोराला मात्र उलटं विचारायचं आहे: रिपोर्ट असा आलाय, तर मी कसा आहे? त्यासाठी तिसरा आकडा लागतो, आणि तो किटच्या कागदावर कधीच नसतो. तपासलेल्या लोकांत मुळात ही लागण किती जणांना आहे? भारतात प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण हजारी दोन आहे. रक्तदात्याला आधी प्रश्नावली भरावी लागते, जोखीम असलेल्यांना तिथंच थांबवतात, त्यामुळं शिबिरात ते आणखी कमी असायला हवं. पण आपण हजारी दोनच धरू.

टक्के सोडा, माणसं मोजा. एक लाख लोक तपासले. त्यात लागण असलेले २०० आणि नसलेले ९९,८००. दोनशेंपैकी १९९ रिॲक्टिव्ह येतील, एक जण सुटेल. आता ९९,८०० चे दोन टक्के काढा: १,९९६. ह्या आकड्यापाशी जरा थांबा. निरोगी माणसांच्या वाट्याला चूक दोनच टक्के आली, पण ही माणसंच इतकी प्रचंड आहेत की त्यांचे दोन टक्के खऱ्या रोग्यांच्या दसपट झाले.

एकूण रिॲक्टिव्ह किती? १९९ अधिक १,९९६, म्हणजे २,१९५. त्यातले खरे १९९. भागाकार केला तर नऊ टक्के. अकरा रिॲक्टिव्ह माणसांत जेमतेम एक खरा. जाणत्या माणसानं अठ्ठ्याण्णव सांगितले होते.

सशर्त संभाव्यतेच्या सूत्रात हेच असं दिसतं:

०.९९५ × ०.००२ ÷ (०.९९५ × ०.००२ + ०.०२ × ०.९९८) = ०.००१९९ ÷ ०.०२१९५ ≈ ०.०९

अंशात खरे रिॲक्टिव्ह, छेदात सगळे रिॲक्टिव्ह. थॉमस बेझ यांचा हा सिद्धांत त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. आपली चूक होते ती छेदातला दुसरा तुकडा विसरल्यामुळं. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या डॉक्टर, विद्यार्थी अशा साठ जणांना असंच गणित घातलं होतं: रोग हजारात एकाला, खोटे पॉझिटिव्ह पाच टक्के. उत्तर दोन टक्क्यांच्या आसपास येतं. बरोबर सांगणारे निघाले अकरा. सगळ्यात जास्त लोकांचं उत्तर होतं पंच्याण्णव टक्के! तेव्हा आपल्या त्या जाणत्याला फार बोल लावायला नको.

कुणी म्हणेल, आता किट सुधारलेत, ९८ कशाला धरता? बरं, ९९.८ धरा. खोटे रिॲक्टिव्ह १,९९६ वरून २०० वर आले. खरे १९९ च. म्हणजे चूक दहापट कमी केली तरी उत्तर निम्म्याला निम्मं. मूळ प्रमाण एवढं कमी असलं की चांगलं किटसुद्धा एकट्यानं निकाल देऊ शकत नाही.

मग करायचं काय? रक्तपेढीपुरतं सोपं आहे. तिथं प्रश्न पिशवीचा असतो. एकदा रिॲक्टिव्ह आली की पिशवी टाकून द्यायची. दहा चांगल्या पिशव्या वाया गेल्या तरी चालतील, एक वाईट रुग्णाला चढता कामा नये. माणसाला मात्र तसं बाजूला टाकता येत नाही, म्हणून त्याला सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी जिथं होते तिथं, पाठवतात. लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी तिथं तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. तीनच का, ते आपल्या गणितात दिसतं.

ते २,१९५ लोक आता दुसऱ्या चाचणीला बसवा. इथं मूळ प्रमाण हजारी दोन राहिलं नाही, ते नऊ टक्के झालं. पहिल्या चाचणीचं उत्तर हीच दुसरीची सुरुवात. १९९ पैकी १९८ पुन्हा रिॲक्टिव्ह. १,९९६ चे दोन टक्के म्हणजे ४०. आता २३८ मध्ये १९८ खरे, ८३ टक्के. तिसरी लावा: १९७ खरे, आणि खोटा सरासरी एकही धड उरत नाही. साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर.

इथं लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या एका मुलीनं विचारलं, 'सर, तेच किट तीनदा लावलं तर?' प्रश्न फार मोलाचा आहे. नाही चालणार. आपण प्रत्येक वेळी दोन टक्क्यांनी गुणलं, ते चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून. शरीर रोगाशी लढायला जे पदार्थ बनवतं ती प्रतिपिंडं, आणि त्यांना पकडायला किटमध्ये ठेवलेला विषाणूचा तुकडा म्हणजे प्रतिजन. एखाद्याच्या रक्तात दुसऱ्याच कारणानं झालेली प्रतिपिंडं त्या किटमधल्या प्रतिजनाला चिकटत असतील, तर ती उद्याही चिकटतील आणि परवाही. तांदूळ त्याच चाळणीतून तीनदा काढले तरी चाळणीच्या भोकाएवढा खडा तिन्ही वेळा खालीच येणार. म्हणून किट वेगळ्या प्रतिजनाचं किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारं लागतं.

आता उलट बाजू. 'पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक खोटंच' असं ऐकून घरी जाऊ नका. ज्याचं वजन घटतंय, ताप हटत नाही, किंवा ज्याच्या जोडीदाराला लागण आहे, तो ह्या शिबिराच्या लाखात बसत नाही. अशा शंभरांत दहा जणांना लागण आहे असं धरा. मग हजारांत शंभर खरे, त्यांतले साधारण शंभरही सापडतात. उरलेल्या नऊशेंत खोटे अठरा. पहिल्याच चाचणीला उत्तर ८५ टक्के. किट तेच, कागद तोच, छेद बदलला. म्हणून तर स्पष्ट लक्षणं असलेल्या रुग्णाला नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सूचनांत दोनच चाचण्या पुरेशा मानल्या गेल्या. हा दहाचा आकडा मात्र माणसाच्या तक्रारी आणि इतिहास ऐकून धरायचा. तो ट्रक चालवतो की निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबतो, एवढ्यावरून कुणाला लाखातून उचलून शंभरात टाकायचं नाही.

निगेटिव्हचंही एक सांगतो. आपल्या लाखात निगेटिव्ह आले ९७,८०५, आणि त्यात चुकीचा एक. एवढा भरवसा पॉझिटिव्हवर एका चाचणीत कधीच मिळत नाही. अट एकच: लागण नुकतीच झाली असेल तर पहिले काही आठवडे प्रतिपिंडंच तयार झालेली नसतात, तेव्हा हा ९९.५ चा आकडा लागू पडत नाही.

राहिला आपला पोरगा. त्यानं आयसीटीसीत जायचं, नवा नमुना द्यायचा. तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्या तर उपचार मोफत आहेत आणि लगेच सुरू होतात. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि रिपोर्ट अनिर्णित आला, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं.