रंग आजचा, साचा कालचा

[दृश्य: रस्त्याकडेची गोल, बिडाची, हिरवी टपालपेटी. कॅमेरा हळूहळू दाराजवळ जातो.]

अनोळखी रस्त्याचा फोटो समोर आला की टपालपेटीचा रंग आधी डोळ्यांत भरतो. पण निव्वळ रंगावर देश ठरवायला गेलं की फसायला होतं. पिवळी पेटी जर्मनीत आहे, फ्रान्समध्ये आहे, स्पेनमध्येही आहे. लाल पेटी तर निम्म्या जगात. म्हणून रंग पाहून घ्यायचा, आणि मग दाराकडे वळायचं.

ही पेटी हिरवी आहे. दारावर मुकुट आणि त्याखाली वेलबुट्टीदार ‘व्ही’ आणि ‘आर’. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ही राजमुद्रा रंगवलेली नाही, ती ओतकामातच उठवलेली असते. म्हणून वरचा रंग कितीही वेळा बदलला, तरी ती जात नाही. आयर्लंडमध्ये नेमकं हेच झालं. 1922 मध्ये नवं राज्य आलं, तेव्हा लाल पेट्या उखडल्या नाहीत, त्यांच्यावर हिरवा रंग चढवला. साचा साम्राज्याचा, रंग स्वतंत्र देशाचा.

[दृश्य: दुसऱ्या हिरव्या पेटीचं दार. अक्षरं पडदाभर.]

त्यानंतरच्या आयरिश पेट्यांवर मुकुट नाही. काहींवर ‘पी’ आणि ‘टी’ ही अक्षरं दिसतात, आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी सातच्या आकड्यासारखी एक खूण. तो आकडा नव्हे. जुन्या आयरिश हस्तलिखितांत लेखनिक ‘आणि’ऐवजी ही खूण करत. टपाल आणि तार खात्याची ही आद्याक्षरं. ही खूण दिसली की आयर्लंडखेरीज दुसरा विचार करायचं कारण नाही.

मुकुटवाली हिरवी पेटी मात्र हाँगकाँगमध्येही भेटते. तिथल्या लाल पेट्या 1997 च्या हस्तांतरणानंतर हिरव्या झाल्या. फरक कळतो तो लिखाणावरून: चिनी अक्षरं दिसली की प्रश्न मिटला. सायप्रसमध्ये याच घराण्यातल्या पेट्या पिवळ्या आहेत आणि गर्न्सी बेटावर निळ्या. मुकुट आणि निळा रंग ही जोडी दिसली, तर आधी गर्न्सीच मनात आणा.

आता लाल पेटी. लाल रंग आणि राजमुद्रा एकत्र दिसली की लोक बेधडक ‘ब्रिटन’ म्हणून मोकळे होतात. तशीच पेटी माल्टात आणि जिब्राल्टरमध्येही उभी आहे. तिथे राजमुद्रेपेक्षा वेळापत्रकाची पाटी वाचलेली बरी, कारण पत्रं कोणतं खातं उचलतं ते तिच्यावरून समजतं.

ब्रिटनच्या आतही ही राजमुद्रा एक सीमा दाखवते. एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या काळातल्या पेटीवर ‘ई’, ‘आर’ आणि मध्ये रोमन दोन असेल, तर ती साधारणपणे स्कॉटलंडबाहेरची. पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधी नव्हतीच, मग ही ‘दुसरी’ कशी, असा तिथल्या लोकांचा सवाल होता. एडिनबरामध्ये अशी एक पेटी बसवली, आणि फेब्रुवारी 1953 मध्ये ती स्फोटाने उडवून देण्यात आली. पुढे स्कॉटलंडमधल्या नव्या पेट्यांवर अक्षरं न घालता फक्त स्कॉटिश मुकुट ठेवला. पण तिथे त्याआधीच्या राजांच्या पेट्या अजून आहेत. त्यामुळे ‘जी’ आणि ‘आर’ दिसले म्हणून स्कॉटलंड बाद करू नका.

[दृश्य: सोनेरी पेटी.]

फसवणाऱ्या पेट्याही आहेत. 2012 च्या ऑलिंपिकमधल्या ब्रिटिश सुवर्णविजेत्यांच्या सन्मानार्थ काही पेट्या सोनेरी रंगवल्या, आणि त्या तशाच ठेवल्या. इंग्लंडात 1874 पूर्वी पेट्या हिरव्याच असत, आणि वारसा म्हणून काही आजही हिरव्या आहेत. म्हणजे ‘हिरवी आणि व्हिक्टोरिया’ म्हणजे आयर्लंडच, हा नियम शंभर टक्के चालत नाही. आणि हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेली लाल पेटी कोणत्याही देशात सापडू शकते. तिची फट बुजवलेली आहे का, वेळापत्रकाची पाटी आहे का, एवढं पाहिलं तरी बऱ्याचदा उलगडा होतो.

[दृश्य: दोन फटींची लाल पेटी, मग दुसरी.]

राजमुद्रा नाही, पेटी लाल आहे आणि फटी दोन आहेत, तर फटींवरचं लिखाण वाचा. एका फटीवर ‘पेर ला चित्ता’, म्हणजे शहरातली पत्रं, आणि दुसरीवर बाकी सगळीकडची: ही इटली. जपानी पेटीवर गावाप्रमाणे नाही, टपालाच्या प्रकाराप्रमाणे वाटणी असते. एका फटीत साधी पत्रं आणि पोस्टकार्डं, दुसरीत मोठी पाकिटं आणि इतर टपाल. जपानी वाचता येत नसेल, तर दोन आडव्या रेघा आणि खालच्या रेघेतून उतरणारी एक उभी रेघ शोधा. ती जपानी टपालाची खूण. ती सापडली की अक्षरं वाचायची गरज उरत नाही.