फिरती चकती फुटते कशी: एका फ्लायव्हीलचा हिशेब

आज आपण एकच चकती घेऊ आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत करू. पोलादी फ्लायव्हील, म्हणजे यंत्राची गती टिकवून धरणारं जड चाक, व्यास ६०० मिलिमीटर, जाडी ६० मिलिमीटर, मधोमध शाफ्टसाठी १०० मिलिमीटरचं बोअर. वजन साधारण १३० किलो. रोजचा वेग मिनिटाला ३००० फेरे. ही चकती कोणत्या वेगाला फुटेल? याची मी तुम्हाला दोन-तीन निरनिराळी उत्तरं दाखवणार आहे. त्यातलं कोणतं खरं ठरेल, ते पोलादाच्या जातीवर आणि बोअरच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं.

आधी ताण कुठून येतो ते बघू. फिरणाऱ्या धातूचा प्रत्येक कण सरळ रेषेत निघून जायला बघतो आणि शेजारचे कण त्याला ओढून वर्तुळात वळवत राहतात. ही ओढ म्हणजेच चकतीतला ताण. नुसती पातळ कडी फिरत असेल तर हिशेब अगदी सोपा आहे: σ = ρv², म्हणजे घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. यात व्यास वेगळा येतच नाही, कडेचा वेग तेवढा येतो. आपल्या चकतीची कड सेकंदाला ९४ मीटर वेगाने धावते, म्हणून तेवढ्याच व्यासाच्या कडीत सुमारे ७० मेगापास्कल ताण आला असता.

चकती भरीव असेल तर आतला धातू कडेला धरून ठेवायला मदत करतो. तिथे सगळ्यात जास्त ताण मध्यबिंदूवर येतो आणि तो फक्त २९ मेगापास्कल असतो. आता त्या भरीव चकतीच्या मध्यावर सुईएवढं भोक पाडा. भोकाच्या काठावर ताण थेट दुप्पट होतो, ५७ च्या वर जातो. भोक कितीही बारीक असलं तरी दुप्पटच. कारण मध्यावरचा धातू सगळ्या दिशांनी सारखाच ओढला जात होता. भोकाच्या काठाला आतून धरणारं आता कोणी नाही, त्यामुळे भोकावरून आरपार जाणारी ओढ वळसा घालून काठावरच गर्दी करते. आपलं बोअर १०० मिलिमीटरचं आहे, तरी आकडा फारसा बदलत नाही, ५८ मेगापास्कल येतो. म्हणून फ्लायव्हीलमध्ये बघायची जागा कड नव्हे, बोअर.

हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की ताण चौपट. आपलं पोलाद ३५० मेगापास्कलला कायमचं ताणायला लागतं असं धरू. मग बोअरचा काठ साधारण ७४०० फेऱ्यांना ताणू लागेल. हे पहिलं उत्तर. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि हाच फुटण्याचा वेग समजतात.

चांगलं चिवट पोलाद मात्र इथे फुटत नाही. बोअरलगतचा थर थोडा ताणतो आणि पुढचा भार बाहेरच्या थरावर सोपवतो. तोही ताणला की त्याच्या बाहेरचा. चकती फुटायला संपूर्ण छेदाची ताकद संपावी लागते. म्हणून हिशेब असा करायचा: चकती व्यासावर कापली अशी कल्पना करा, अर्ध्या चकतीची बाहेरची ओढ काढा आणि ती कापलेल्या पृष्ठभागावर सारखी वाटा. आपल्या चकतीत ३००० फेऱ्यांना ही सरासरी २८ मेगापास्कल येते. पोलाद तुटण्याची ताकद ६०० मेगापास्कल धरली तर फुटण्याचा वेग १३,९०० च्या आसपास निघतो. १९४४ मध्ये रॉबिन्सन यांनी स्टीम टर्बाइनच्या चकत्या फोडून केलेल्या चाचण्या मांडल्या, तेव्हापासून ही सरासरीची पद्धत रुळली. प्रत्यक्ष चकती या आकड्याच्या थोडी अलीकडेच फुटते, म्हणून त्यातून काही टक्के वजा करायचे.

मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढची वाटते. बोअर नसतं तर हीच सरासरी २३ आली असती आणि वेग १५,२०० च्या पुढे गेला असता. म्हणजे बोअरमुळे सर्वाधिक ताण दुप्पट झाला, पण चिवट पोलादाच्या चकतीचा फुटण्याचा वेग जेमतेम नऊ टक्क्यांनी घटला. धातू ताणू शकतो, एवढ्या एका गुणावर हे सगळं उभं आहे.

तो गुण काढून घेतला की काय होतं? बीड घ्या. बीड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे बोअरच्या काठाचा ताणच निर्णय देतो. २०० मेगापास्कलच्या बिडात हीच चकती ५९०० फेऱ्यांच्या सुमारास धोक्यात येते, सरासरीचा हिशेब मात्र ८४०० म्हणत राहतो. त्यात बोअरजवळ ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी असेल, किंवा साच्यात थंड होताना आरे आणि रिम यांच्यात ताण अडकून राहिला असेल, तर हा आकडाही गेला. जुने इंजिनवाले बिडाच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास ठेवत, त्याचं कारण हेच. आपल्या व्यासाला तो वेग म्हणजे हजारही फेरे नाहीत.

पोलादातूनही तो गुण निघून जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात हिंकले पॉइंट ए हे अणुवीज केंद्र होतं. सप्टेंबर १९६९ मध्ये तिथल्या टर्बाइनची जादा वेगाची चाचणी चालू होती. नेहमीचा वेग ३००० फेरे. सुमारे ३२०० ला शाफ्टवर तापवून बसवलेली एक चकती फुटली आणि तिच्याबरोबर अख्खं यंत्र गेलं. चकती शाफ्टवर घसरू नये म्हणून जी चावी बसवतात, तिच्या बोअरमधल्या खाचेत, खाचेच्या माथ्यावर, जेमतेम दीड मिलिमीटर खोल तडा सापडला. खाचेत वाफेचं पाणी साचून, ताण आणि गंज या दोघांच्या संगनमताने तो वाढला होता. आणि ते पोलाद उष्णोपचारात ठिसूळ झालेलं होतं. चिवट पोलादाने एवढा तडा सहज पचवला असता.

हाच हिशेब आपल्या चकतीला लावू. ५ मिलिमीटर खोल चावीची खाच, तिच्या कोपऱ्यात २ मिलिमीटरचा तडा, आणि पोलाद ठिसूळ, म्हणजे तड्याला विरोध करण्याची त्याची क्षमता ४० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. खाच आणि तडा मिळून ७ मिलिमीटरचा एकच तडा मानला, तर चकती ६१०० फेऱ्यांच्या सुमारास फुटते. बोअरचा काठ ७४०० ला ताणू लागणार होता. म्हणजे काहीही ताणण्याआधी, कोणतीही खूण न दाखवता ती जाते. कंप वाढेल, आवाज बदलेल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

चिवट चकती मात्र आधी सांगते. म्हणून नवी चकती जमिनीखालच्या पोलादी विहिरीत, हवा काढून, ठरलेल्या जादा वेगाला फिरवतात आणि थांबवून बोअर पुन्हा मोजतात. ३००० फेऱ्यांना बोअरचा व्यास सुमारे तीन शतांश मिलिमीटर फुगतो आणि थांबल्यावर परत येतो. परत आला नाही तर काठ कायमचा ताणला गेला आहे. कधी हे मुद्दाम, मोजूनमापून करतात: ताणलेला काठ थांबल्यावर दाबाखाली राहतो आणि पुढे रोजच्या वेगाला त्याच्यावरचा ताण कमी येतो. मात्र तापवून बसवलेल्या चकतीत हे फुगणं पकडीतून वजा होतं, ते धरलं नाही तर चकती शाफ्टवर सैल होते.

वापरातल्या चकतीसाठी माझं म्हणणं एवढंच आहे की दुरुस्तीला यंत्र उघडलं की चकती शाफ्टवरून उतरवा. खाच स्वच्छ करून तिच्या कोपऱ्यांवर डाय पेनिट्रंट किंवा चुंबकीय कणांची तपासणी करा. बाहेरून घासूनपुसून चकाकणाऱ्या कडेवर काही सापडणार नाही. नवी खाच पाडताना कोपरे टोकदार ठेवू नका, गोलाई द्या. आणि यंत्राभोवतीचं संरक्षक कवच चकतीच्या फिरण्याच्या प्रतलात सगळ्या बाजूंनी मजबूत असायला हवं. आपली चकती १३,९०० ला तीन तुकड्यांत फुटली, तर प्रत्येकी ४३ किलोचा तुकडा सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटतो, तोही केंद्रापासून सरळ बाहेर न जाता वर्तुळाच्या स्पर्शरेषेने. तो नेमका कुठल्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही.