ओवीचा आखूड चरण

(पडद्यावर ज्ञानेश्वरीची पहिली ओवी, चरणागणिक उमटत जाते.)

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

आता अक्षरं मोजू. ह्रस्व असो वा दीर्घ, प्रत्येक अक्षर एकच धरायचं, जोडाक्षरही एकच. पहिल्या चरणात सहा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आठ आणि शेवटच्यात फक्त चार. आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या हे तीन चरण यमकानं जुळले. ‘आत्मरूपा’ मात्र सुटा राहिला. ग्रंथातल्या ओवीची ओळख इथेच पटते: तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा.

अक्षरांचा आकडा मात्र ठरलेला नाही. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ या चरणात अकरा अक्षरं आहेत, आणि त्याच ओवीचा शेवटचा ‘मेळवीन’ चारच अक्षरांचा. सहा-सहा-सहा-चार हा मोठ्या अभंगाचा साचा ओवीला लावायला गेलं, की अर्ध्याहून अधिक ओव्या चुकलेल्या वाटू लागतात. चूक ओवीची नसते, मोजपट्टीची असते.

ही सैल वीण उपयोगाची होती. गीतेचे सातशे श्लोक, आणि त्यांवर शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका. समोरच्या श्रोत्याला समजावून सांगायचं, तर वाक्य हवं तेवढं लांबवता आलं पाहिजे. पहिल्या अध्यायातलं हे वाक्य पाहा.

(पडद्यावर दोन ओव्या एकाखाली एक.)

जैसे शारदियेचिये चंद्रकळे- । माजीं अमृतकण कोंवळे । ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥
तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अतिहळुवारपण चित्ता । आणूनियां ॥

शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिलं हळुवार मनानं वेचतात, त्याचप्रमाणे श्रोत्यांनी चित्त हळुवार करून ही कथा अनुभवावी. ‘जैसे’ एका ओवीत, ‘तियापरी’ दुसऱ्या ओवीत. ओवी संपली, पण वाक्य संपलं नाही. एवढंच काय, ‘चंद्रकळेमाजीं’ हा एकच शब्द दोन चरणांत विभागला गेलाय, आणि तरीही कळे, कोंवळे, मवाळें हे यमक साधलंय. दुसऱ्या ओवीत श्रोतां, कथा, चित्ता. इथे त आणि थ यांची जवळीक पुरेशी मानली आहे. कानाला जुळलं, की झालं.

पारायणात हमखास घोटाळा होतो तो इथेच. वाचणारा यमकाच्या नादात ‘चंद्रकळे’वर थांबतो, तर ‘माजीं’ पोरकं होतं. ‘चकोरतलगें’नंतर पूर्णविराम घेतो, तर ऐकणाऱ्याला कळतच नाही, की पिलांचं हे चित्र कशासाठी आलं.

म्हणून पहिला आणि दुसरा चरण एका श्वासात घ्यावा. तिसऱ्या यमकावर किंचित टेकावं, आखूड चरण सावकाश म्हणावा. पण आवाज खाली उतरवू नये. तो ‘तियापरी’पर्यंत तसाच धरावा, आणि ‘आणूनियां’वर सोडावा.