नकाशावरचा ठिपका आणि रस्त्यावरचे आपण

मंडळी, पोकेमॉन गो हा फोनवरचा, रस्त्यावर चालत खेळायचा गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. आपण एका जागी उभे असतो आणि नकाशावरचं आपलं पात्र मात्र पलीकडच्या रस्त्यावर चालायला लागतं. फोन बिघडला, असं वाटतं. पण फोन ठीक असतो. असं का होतं ते समजलं, तर खेळताना आपण काय करायला हवं हेही कळतं.

उपग्रहाकडून संदेश यायला किती वेळ लागला, यावरून फोन त्याचं अंतर काढतो. अशी किमान चार अंतरं जुळवली की जागा ठरते. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंतची चूक होते. आता ओव्हल मैदानावरून नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींमध्ये या. इथे उपग्रह इमारतीमागे लपतो आणि त्याचा संदेश समोरच्या काचेवर आपटून आपल्याकडे येतो. सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा उशीर झाला, तरी फोनला तो उपग्रह ३० मीटर लांब वाटतो. शिवाय आकाशातले उपग्रह सरकत असतात, त्यामुळे ही चूकही सारखी बदलते. म्हणून पात्र चालताना दिसतं.

अशा गल्लीत बॅटरी वाचवायला वाय-फाय बंद करणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. फोन आजूबाजूच्या वाय-फायच्या खुणांवरूनही जागा ताडतो. नेटवर्कला जोडलेलं असण्याची गरज नसते. बॅटरी वाचवायची तर पोकेमॉन पकडतानाचा एआर बंद करा, म्हणजे कॅमेरा थांबतो. स्क्रीनचा उजेडही कमी ठेवा. गेममधली अंडी नुसती चालून उबवायची असतील, तर अ‍ॅडव्हेंचर सिंक चालू करून गेम बंद करा. तुम्ही चाललेलं अंतर तरीही मोजलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २०१६मध्ये जपानमधल्या तोकुशिमात गाडी चालवताना हा गेम खेळणाऱ्या चालकाने दोन महिलांना धडक दिली, त्यातली एक दगावली. वेग वाढला की गेम आता ‘तुम्ही प्रवासी आहात ना?’ अशा अर्थाचं विचारतो, पण बटण दाबलं की प्रश्न संपतो. गाडी कोण चालवतंय हे फोनला कळत नाही. तेव्हा चालकाने फोन मागच्या सीटवरच्या माणसाकडे द्यावा, हाच उपाय.

पायी खेळणाऱ्यांनाही सांगतो. पोकेस्टॉप किंवा जिम, म्हणजे गेमच्या नकाशावरची ठरलेली ठिकाणं, ८० मीटरवरून वापरता येतात. मुंबईतले बहुतेक रस्ते याहून अरुंद आहेत, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरच्या स्टॉपसाठी रस्ता ओलांडायची गरज क्वचितच पडते. ठिपका सरकून स्टॉप आवाक्याबाहेर गेला, तर त्याच्यामागे धावू नका. भिंतीपासून थोडं बाजूला, जिथून आकाश जास्त दिसतं अशा जागी फुटपाथवरच थांबा. बरेचदा ठिपका सावरतो. आणि पोकेमॉनवर एकदा बोट टेकवून तो समोर आला, की तो तुमच्याबरोबरच राहतो. त्यामुळे आधी कडेला जाऊन उभे राहा आणि मगच बॉल टाका.