नेट गेलं तर दारावर काय कराल?

श्रोतेहो, नमस्कार. समजा, तुमच्या संमेलनाला सहाशे जणांनी ऑनलाइन नोंदणी केली आहे. सकाळी साडेनऊला दारात गर्दी झाली आणि मोबाइलवरचं स्कॅनिंग थांबलं. हे नेमकं त्याच वेळी होतं, कारण आलेल्या शेकडो जणांचे फोन जवळच्या त्याच टॉवरांवर असतात. तुमचा हॉटस्पॉटही त्यांपैकीच एका टॉवरवर असतो, म्हणून तोही रखडतो. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात नेट उत्तम चाललं, यावर विसंबू नका.

अशा वेळी हाताशी छापील यादी हवी. पण आडनावांची यादी दारावर फसते. एक म्हणजे पाटील, पवार, जाधव यांची रांग लांबच लांब होते आणि शेजारचं टेबल रिकामं राहतं. दुसरं, कुणी इंग्रजीत आधी नाव लिहिलेलं असतं, कुणी आधी आडनाव. म्हणून यादी मोबाइल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवर लावा. स्वतःचा नंबर बहुतेकांना पाठ असतो आणि त्यात स्पेलिंगचा घोळ नसतो. एक्सेलमध्ये RIGHT हे सूत्र ते चार आकडे वेगळे काढून देतं. नंबरच्या शेवटी रिकामी जागा राहिली असेल तर आकडे चुकतात, तेवढं तपासून घ्या.

आता पाच टेबलं मांडा. शेवटचा आकडा शून्य किंवा एक असेल तर पहिलं टेबल, दोन किंवा तीन असेल तर दुसरं, असं पुढे. प्रत्येकाकडे साधारण एकशेवीस नावं, म्हणजे तीन पानं येतात. कागदावर चार आकडे, नाव आणि किती जणांची नोंद एवढंच छापा. पूर्ण नंबर नको. सहाशे जणांत चार आकडे जुळणाऱ्या पंधरा-वीस जोड्या निघतातच, तेव्हा आकड्यांपाठोपाठ नाव विचारायचंच.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. दारावर एका पानाची एकच प्रत ठेवा. तीच यादी दोन टेबलांवर गेली, की व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या एकाच तिकिटावर दोघं आत जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. नेटशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपचीही हीच अडचण आहे: एका फोनवर झालेली नोंद दुसऱ्याला कळत नाही. एक नाव एकाच टेबलावर असेल, तर आधीची खूण लगेच दिसते.

स्कॅनिंग दोन मिनिटं अडलं, की कागदावर जायचं. हा निर्णय एकाच माणसाने घ्यायचा आणि पाचही टेबलांनी एकदम वळायचं. स्कॅन होऊन आत गेलेल्यांच्या मनगटावर पट्टी असेलच. कागदावर खूण केली की पुढच्यांनाही तीच बांधा. मध्येच नेट आलं तरी दारावरची गर्दी ओसरेपर्यंत परत फिरू नका. नंतर एकाने शांतपणे बसून कागदावरच्या खुणा संगणकात भराव्यात. आदल्या रात्री यादी छापल्यावर आलेल्या नोंदींसाठी सहावं टेबल आणि कोरी पानं ठेवा. तिथे नाव, नंबर आणि वेळ लिहून घ्या, फोनवर आलेला पैसे भरल्याचा संदेश बघा आणि माणसाला आत सोडा.