कानाशी भुणभुण आणि डासाची निवड
(ठाण्यातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आपल्या ठाण्यात किंवा खाडीपलीकडे नवी मुंबईत रात्री अंथरुणाभोवती घोंगावणारा डास बहुतेक वेळा क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस या जातीचा असतो. उघडे नाले, तुंबलेली गटारे आणि झाकण नीट न बसलेल्या सेप्टिक टाक्या यांतल्या घाण पाण्यात त्याची पैदास होते. डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र प्रामुख्याने दिवसा चावतो; त्यामुळे रात्रीच्या भुणभुणीचे खापर सहसा त्याच्यावर फोडता येणार नाही.

आवाज पंखांचा असतो. डास आपला अरुंद पंख जेमतेम 40 अंशांतून हलवतो, तर मधमाशीचा पंख सुमारे 90 अंशांतून फिरतो. एवढ्याशा हालचालीवर हवेत तरंगत राहायचे म्हणजे पंखांची गती प्रचंड हवी, आणि ती मादीच्या बाबतीत सेकंदाला साधारण 400 ते 500 फडफडींपर्यंत जाते. पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी सहा 440 कंपनांची असते, म्हणजे मादीचा सूर त्याच्याच आसपास लागतो. नराचा सूर याहून चढा असतो, पण नर रक्त पीत नाही आणि त्याला तुमच्या उशीशी काही कामही नसते. अंड्यांसाठी लागणारी प्रथिने रक्तातून मिळवण्याकरिता येते ती मादीच.

मग ती कानाशीच का येते? याचे अर्धे उत्तर असे की, ती केवळ कानाशी येत नाही. पायाजवळ उडतानाही ती तेवढाच आवाज करते, परंतु तो इतका क्षीण असतो की दोन-तीन हातांच्या अंतरावरून तो आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. पायाशी आलेली मादी आपण ऐकत नाही, एवढेच.

उरलेले अर्धे उत्तर श्वासात आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.04 टक्के असतो, तर आपल्या उच्छ्वासात तो 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शंभरपट असतो. मादीच्या सोंडेलगतच्या स्पर्शिकांवर हा वायू ओळखणाऱ्या पेशी असतात. त्याची लाट लागली की ती वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते, आणि लाट हरवली की आडवी-तिडवी घिरट्या घालून ती पुन्हा शोधते. झोपलेल्या माणसाच्या नाकातोंडाशी ही लाट सर्वांत दाट असल्यामुळे घिरट्याही तिथेच पडतात, आणि कान तिथून वीतभर अंतरावर असतो.

मात्र श्वास सगळ्यांचाच चालू असतो. म्हणून एकाच पलंगावरच्या दोघांपैकी एकालाच डास का निवडतो, हे केवळ श्वासावरून सुटत नाही. मोठ्या शरीराची माणसे अधिक वायू सोडतात आणि त्याचा परिणाम होतो, हे खरे. गॅम्बिया देशात केलेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मलेरियाचे डास गर्भवती स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट संख्येने आकर्षित झाले. त्या अधिक हवा उच्छ्वासावाटे सोडत होत्या आणि त्यांचे पोटही किंचित अधिक उष्ण होते.

खरा निवाडा बहुधा त्वचेच्या वासावर होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लेस्ली व्होसहॉल यांच्या गटाने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 64 जणांनी नायलॉनचे मोजे हातांवर चढवले. त्या मोज्यांचे तुकडे दोन-दोन करून एडिसच्या माद्यांपुढे ठेवले आणि कोणत्या तुकड्याकडे किती माद्या जातात हे मोजले. माणूस समोर नव्हता, त्यामुळे श्वास, उष्णता आणि हालचाल यांचा प्रश्नच मिटला. उरला तो केवळ वास. सर्वाधिक आकर्षक व्यक्तीचा गुणांक सर्वांत कमी आकर्षक व्यक्तीच्या शंभरपटीहून जास्त होता, आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा तपासले तरी आवडती माणसे आवडतीच राहिली. त्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लांचे प्रमाण अधिक आढळले.

हा प्रयोग एडिसवरचा आहे, आपल्या रात्रीच्या क्युलेक्सवरचा नाही, आणि तो जसाच्या तसा तिला लावणे योग्य होणार नाही. क्युलेक्सच्या बाबतीत 2009 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी माणसांच्या आणि पक्ष्यांच्या वासातील नोनॅनल या द्रव्याला तिच्या शृंगिका फार तीव्र प्रतिसाद देतात, असे दाखवले. कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला ते ठेवल्यावर सापळ्यांत अधिक डास सापडले.

"तुझे रक्त गोड आहे" हे आपण सर्वांनीच ऐकले असेल. परंतु सोंड त्वचेत शिरण्यापूर्वीच मादीने माणूस ठरवलेला असतो, तेव्हा गोडीचा प्रश्न उद्भवत नाही. रक्तगटाविषयीचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय "मला डास चावतच नाहीत" असे सांगणाऱ्याला ते चावत असण्याची शक्यता पुष्कळ असते. गांधी उठते ती डासाच्या लाळेवरील शरीराच्या प्रतिक्रियेमुळे, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून गांधींची संख्या ही चाव्यांची संख्या नव्हे.

वीज गेल्यावर भुणभुण अचानक सुरू झाल्याचे आपणांस वाटते, त्यात दोन गोष्टी एकत्र घडतात. पंख्याची घरघर थांबल्याने आधीपासून असलेला आवाज ऐकू येतो. आणि उच्छ्वासाची लाट विस्कटून टाकणारा वारा पडल्याने, तोवर दिशा न सापडलेल्या माद्यांना ती सापडते. चालू पंख्याच्या जोरदार झोतात डासाला नीट उडताही येत नाही. त्यामुळे टेबल पंखा वापरणाऱ्यांनी त्याचा झोत पायांवरून डोक्यापर्यंत सगळ्या अंगावर येईल असा ठेवावा; नुसता चेहऱ्यावर ठेवल्यास कानाशी शांतता होईल, पण पाय उघडेच राहतील.