सिनेमा ठेवायचा असेल तर डिस्क उजेडात धरा

(दृश्य: टेबलावरच्या दिव्यासमोर धरलेली व्हीसीडी)

ही एका मराठी सिनेमाची व्हीसीडी. दिव्यासमोर धरली की टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके उजळतात. पुसून ते जाणार नाहीत. तेवढ्या जागेवरचा ॲल्युमिनियमचा थर निघून गेलाय आणि सिनेमाचा तेवढा भागही त्याच्याबरोबर गेलाय.

व्हीसीडीत सगळा सिनेमा वरच्या अंगाला असतो. खाली सुमारे 1.2 मिलिमीटर प्लास्टिक, त्यावर ॲल्युमिनियम आणि त्यावर फक्त लॅकर व छपाई. आपण खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतो आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने नंबर टाकतो. खरा धोका तिथेच आहे. खालचा हलका ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून निघतो, वरचा निघत नाही.

(दृश्य: डीव्हीडीची कड, अगदी जवळून)

डीव्हीडीची रचना वेगळी. 0.6 मिलिमीटरच्या दोन पातळ तबकड्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि सिनेमा त्यांच्या मध्ये असतो. कडेला दिसणारी ही बारीक रेघ म्हणजे तो जोड. जोड सुटू लागला की हवा आणि ओल आत शिरते.

दोन थरांच्या डीव्हीडीत सिनेमा मधल्या छिद्राजवळ सुरू होतो, बाहेरच्या कडेपर्यंत जातो, तिथे थर बदलतो आणि परत आत येतो. म्हणजे कडेला असतो तो सिनेमाचा मधला भाग. डिस्क लावून पहिली पाच मिनिटं पाहिली आणि ‘चालतेय’ म्हणून कपाटात ठेवली, तर काहीच तपासलं नाही. मध्यंतराच्या आसपास जाऊन पाहा. चित्र अडकतंय का, चौकोन फुटतायत का, प्लेअर एकाच जागी पुन्हापुन्हा घुटमळतोय का? त्याहून चांगलं म्हणजे संगणकाच्या ड्राइव्हमध्ये अख्खी डिस्क शेवटपर्यंत वाचून घ्यायची. एखाद्या जागी वाचनाचा वेग एकदम पडला, तर ती डिस्क आजारी आहे असं धरून चाला.

(दृश्य: कपाटात ओळीने लावलेल्या डीव्हीडी)

हे नुसतं स्वस्त डिस्कांचं दुखणं नाही. वॉर्नर ब्रदर्सने 2006 ते 2008 या काळात काढलेल्या बऱ्याच डीव्हीडी पुढे आपोआप खराब झाल्या; वरून स्वच्छ, ओरखडा नाही, तरी चालेनात. 2025 मध्ये कंपनीने हे मान्य केलं आणि बदलून देऊ म्हणाली. पण काही सिनेमांचे हक्कच आता तिच्याकडे नव्हते किंवा त्यांच्या डिस्क निघणं बंद झालं होतं. अशा ग्राहकांना तेवढ्याच किमतीचा दुसरा सिनेमा देऊ केला गेला.

आपल्याकडे मोझर बेअरने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा सिनेमे घरोघरी पोचले. 2018 मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली. त्यांची डिस्क बिघडली, तर बदलून कोण देणार?

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सिनेमांची यादी)

आता ओटीटी. इथे ओल नाही, ओरखडा नाही आणि जुन्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत अनेकदा आधी इथेच दिसते. पण तिथे पैसे भरून घेतलेला सिनेमाही परवान्यावर असतो. 2022 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशनच्या ग्राहकांना स्टुडिओकॅनाल या फ्रेंच सिनेमा कंपनीचे विकत घेतलेले सिनेमे त्यांच्या खात्यातून काढले जातील असं कळवण्यात आलं. कारण परवान्याचा करार. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे, की ग्राहकाला नुसता परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमाही त्या ॲपशिवाय उघडत नाही.

एकदाच पाहायचा सिनेमा खुशाल ओटीटीवर पाहा. दहा वर्षांनी मुलांना दाखवायचाय, तो डिस्कवर घ्या, आणि कंपनीने छापलेलीच घ्या. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये सिनेमा रंगद्रव्याच्या थरात असतो आणि तो थर उन्हाने लवकर मरतो. परदेशातून मागवताना प्रदेशाचा कोड बघा, तो जुळला नाही तर आपला प्लेअर डिस्क नाकारू शकतो: भारताची डीव्हीडी पाच नंबरची, अमेरिकेची एक नंबरची. ब्लू-रेतही भारत सी आणि अमेरिका ए. 4के डिस्कला मात्र कोड नसतो.

(दृश्य: डिस्क उभ्या लावणारे हात)

डिस्क उभी ठेवा, भिंतीच्या ओलीपासून दूर. वरच्या बाजूवर स्टिकर लावू नका. काही लिहायचं असेल तर ते डबीवर लिहा. आणि चालू प्लेअर टाकून देऊ नका, कारण नवीन लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह येणं जवळपास बंद झालंय.